डीईएमवरून एलएस फॅक्टर: माथ्यावर शून्य, ओढ्यात हजार आणि मधे NoData चे पट्टे

प्रश्न: मी १० मीटरच्या डीईएमवरून यूएसएलईसाठी एलएस फॅक्टर काढतोय. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सगळीकडे दिसतं तेच सूत्र टाकलं, `Power("flowacc" * 10 / 22.13, 0.4) * Power(Sin("slope") / 0.0896, 1.3)`. पण डोंगराच्या माथ्यावर शून्य येतंय, ओढ्यात हजाराच्या वर व्हॅल्यू जातात आणि मधेच पट्टे पट्टे NoData येतात. डीईएम खराब आहे का? नक्की चुकतंय कुठे आणि बरोबर पद्धत कोणती?

उत्तर:

डीईएम बहुतेक ठीक आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी होतायत, त्यामुळे एकेक करून घेऊ, आणि चौथी एक चूक आहे जी तुम्हाला दिसलेलीच नाही कारण ती नकाशात उठून दिसत नाही, तिच्यामुळे सगळा नकाशा गुपचूप निम्म्यावर येतो. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

आधी पट्टे, कारण ते सगळ्यात सोपं आहे. `Sin` ला कोन रेडियनमध्ये लागतो आणि तुमचा स्लोप डिग्रीमध्ये आहे. म्हणजे ४ डिग्रीचा उतार त्याने ४ रेडियन समजून घेतला, त्याचा साइन निगेटिव्ह, आणि निगेटिव्ह आकड्याचा १.३ घात निघत नाही, म्हणून NoData. हे ओळखायची खूण एकदम पक्की आहे: ३.१४ ते ६.२८ डिग्री या पट्ट्यात सगळं रिकामं, मग पुन्हा ९.४२ ते १२.५७ मध्ये रिकामं. स्लोपचं रास्टर वर ठेवून तपासा, भोकं बरोबर त्याच मर्यादांत बसतील. आणि जिथे भोक नाही तिथलाही आकडा चुकीचाच आहे, फक्त तो दिसायला बरा दिसतो एवढंच. उदाहरणार्थ ६.८४ डिग्रीचा साइन ०.११९ यायला हवा, तुमच्याकडे तो ०.५३ येतोय, म्हणजे साधारण ३२ डिग्रीचा कडा असल्यासारखा. त्यामुळे NoData च्या जागा शेजारच्या व्हॅल्यूंनी भरून पुढे जाऊ नका. डिग्रीला ०.०१७४५३ ने गुणा, किंवा स्लोप टक्क्यांत काढून आधी `atan` आणि मग `sin` घ्या.

आता माथ्यावरचं शून्य आणि ती चौथी चूक, ही दोन्ही एकाच जागी जोडलेली आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

यूएसएलईमध्ये एल म्हणजे काय, तर एका उताराची लांबी २२.१३ मीटरच्या प्रमाण प्लॉटच्या तुलनेत किती, त्याचा m घात, तुमच्या सूत्रात हा m म्हणजे ०.४. हा प्लॉट ९ टक्के उताराचा. त्या सूत्रात लांबी टाकली की येणारा आकडा हा माथ्यापासून तिथपर्यंतच्या संपूर्ण उताराची सरासरी असतो. एका ठिकाणची धूप तो सांगत नाही. पण रास्टरमध्ये प्रत्येक सेल म्हणजे उताराचा एक छोटा तुकडा, आणि आपल्याला हवी असते त्या तुकड्याची धूप. वरून येणारं पाणी खालच्या तुकड्यात जास्त असतं, त्यामुळे खालच्या तुकड्याची धूप त्या सरासरीपेक्षा जास्तच असणार. हा फरक गणितात घेतला नाही तर प्रत्येक सेलला सरासरीचाच आकडा चिकटवला जातो, आणि मग सगळ्या सेलची पुन्हा सरासरी घेतली की ती मूळ उत्तराच्या खाली येते. तुमच्या सूत्रात हेच होतंय. काही लोक त्याला पुढे १.४ ने गुणतात, म्हणजे m अधिक १, ते याच कारणासाठी असतं, पण ते का आहे हे न कळल्यामुळे बरेच जण गाळून टाकतात.

आणि माथ्यावर शून्य का, तर तुमचं फ्लो अॅक्युम्युलेशन स्वतःचा सेल मोजत नाही. सगळ्यात वरच्या सेलमध्ये वरून कोणी येत नाही, व्हॅल्यू ०, शून्याचा घात शून्य, म्हणजे तिथे धूप नाहीच असं मॉडेल म्हणतंय. खरं तर त्या सेलवरही पाऊस पडतो आणि तो १० मीटर लांबीचा उतार आहे.

या दोन्हीवर चांगला उपाय म्हणजे डेस्मेट आणि गोव्हर्स यांचं १९९६ चं रूप. ते सेलच्या वरच्या कडेचं क्षेत्र आणि खालच्या कडेचं क्षेत्र अशी दोन्ही घेऊन वजाबाकी करतं, त्यामुळे सेलचा वाटा नेमका निघतो:

```
L = ((A + D^2)^(m+1) - A^(m+1)) / (D^(m+2) * x^m * 22.13^m)
```

यात `A` म्हणजे सेलच्या वरून येणारं पाणलोट क्षेत्र चौरस मीटरमध्ये (सेलची संख्या नाही बरं का), `D` म्हणजे सेलची बाजू, आणि `x` म्हणजे अॅस्पेक्टच्या साइन आणि कोसाइनच्या निव्वळ किमतींची बेरीज. पाणी सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम वाहत असेल तर x १, आणि कर्णावर वाहत असेल तर १.४१. अॅस्पेक्टसुद्धा रेडियनमध्येच द्यायचा, वरची चूक लोक इथे पुन्हा करतात आणि इथे NoData येत नाही म्हणून ती पकडलीच जात नाही.

m साठी एकच ठरलेला आकडा घेण्यापेक्षा मी आरयूएसएलईचं घेतो, कारण त्यात उतार बदलला की m बदलतो. एस साठी मॅककूल यांची १९८७ ची दोन तुकड्यांची समीकरणं, ९ टक्क्यांच्या खाली एक आणि वर दुसरं. सगळं मिळून एवढंच:

```python
s = np.sin(np.arctan(slope_pct / 100.0))
S = np.where(slope_pct < 9, 10.8*s + 0.03, 16.8*s - 0.50)
beta = (s/0.0896) / (3*s**0.8 + 0.56)
m = beta / (1 + beta)
L = ((A + D**2)**(m+1) - A**(m+1)) / (D**(m+2) * x**m * 22.13**m)
LS = L * S
```

आता हे बरोबर चाललंय की नाही हे कसं कळणार? खऱ्या डीईएमवर नकाशा बघून कळत नाही, कारण चुकीचा नकाशाही तितकाच खरा वाटतो, ओढे दिसतात, डोंगर दिसतो, रंग छान येतात. म्हणून मी प्रत्येक नवीन टूल, नवीन व्हर्जन, नवीन स्क्रिप्ट आधी एका खोट्या डीईएमवर चालवून बघतो ज्याचं उत्तर हाताने काढता येतं. एक सपाट फळी, सगळीकडे १२ टक्के उतार, १० मीटरचे सेल, प्रत्येक ओळीला १.२ मीटर खाली:

```python
z = np.repeat(100 - 1.2*np.arange(12), 31).reshape(12, 31)
```

यातला मधला कॉलम आणि वरचे १० सेल बघायचे, म्हणजे १०० मीटरचा उतार. कडेचे कॉलम सोडायचे कारण मल्टिपल फ्लो डायरेक्शन वापरलं तर कडेचं पाणी बाहेर सांडतं. आणि वरच्या ओळीवर ३ बाय ३ ची खिडकी डीईएमच्या बाहेर जाते म्हणून स्लोप NoData किंवा चुकीचा येऊ शकतो, तर या चाचणीत स्लोप सगळीकडे १२ असा हाताने भरा आणि तुमचं स्लोप टूल आतल्या सेलमध्ये १२ दाखवतंय ना ते वेगळं तपासा.

हाताने काढलेलं उत्तर असं. १२ टक्के म्हणजे ६.८४ डिग्री, साइन ०.११९२. एस येतो १.५०. बीटा १.२० आणि त्यातून m ०.५४६. शंभर मीटरसाठी एल म्हणजे १०० भागिले २२.१३ चा ०.५४६ घात, २.२८. गुणाकार ३.४२. म्हणजे पूर्ण उताराचा एलएस ३.४२, हे आपलं खरं उत्तर, यात रास्टर कुठेच नाही.

आता वरचं सूत्र सेलवर चालवा. सगळ्यात वरच्या सेलमध्ये A शून्य, तरी एलएस ०.९७ येतो, शून्य नाही. पाचव्या सेलमध्ये ३.४२ आणि दहाव्या सेलमध्ये, जिथे वरून ९०० चौरस मीटर येतंय, तिथे ५.१४. दहाही सेलची सरासरी काढा, ३.४२ यायला हवी. आणि ती जवळपास वगैरे नाही, तंतोतंत येते, कारण वजाबाकीच्या त्या रचनेत एका सेलची खालची कडा म्हणजे पुढच्या सेलची वरची कडा, मधलं सगळं एकमेकांत कटतं आणि शेवटी फक्त पूर्ण उतार उरतो. या सूत्राची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे, त्याचा हिशोब कुठे गळत नाही.

तुमचं सूत्र, रेडियनची चूक दुरुस्त केल्यावरसुद्धा, याच फळीवर दहाव्या सेलला २.५४ देतं, आणि दहा सेलची सरासरी १.७३. खरं उत्तर ३.४२. म्हणजे निम्मं. त्या सूत्रातले घात वेगळे आहेत म्हणून थोडा फरक येणारच, पण मोठा भाग त्या राहिलेल्या १.४ चा आणि स्वतःचा सेल न मोजण्याचा आहे. धुपीचा आकडा टनांमध्ये काढताना हा निम्मा एलएस सरळ उत्तरात उतरतो आणि नकाशा बघून कोणालाही शंका येत नाही.

या फळीचा दुसरा फायदा म्हणजे चूक कोणती हे आकडाच सांगतो. सरासरी ३.८७ आली आणि पहिला सेल १.८७ दाखवत असेल, तर तुमचं फ्लो अॅक्युम्युलेशन स्वतःचा सेल धरून मोजतंय आणि सूत्र पुन्हा D² मिळवतंय, म्हणजे दोनदा मोजलं, आधी D² वजा करा. सरासरी ७.६४ आली तर टक्क्यांचा स्लोप डिग्री म्हणून गेलाय. ही टक्के-डिग्रीची चूक मी स्वतः एकदा केलेली आहे, एका पाणलोटाचा पूर्ण अहवाल त्यावर लिहून झाला होता आणि नंतर मोजलेल्या गाळाशी जुळेना म्हणून मी आठवडाभर के फॅक्टर आणि सी फॅक्टर उलटेपालटे करत बसलो, स्लोपकडे बघायचं सुचलंच नाही. तेव्हापासून फळी आधी, खरा डीईएम नंतर.

टूलमधलं फ्लो अॅक्युम्युलेशन नक्की काय देतंय हे मॅन्युअलमध्ये शोधत बसण्यापेक्षा माथ्यावर क्लिक करून सगळ्यात लहान व्हॅल्यू बघा. ० असेल तर स्वतःचा सेल धरलेला नाही. १ असेल तर धरलाय आणि आकडा सेलच्या संख्येत आहे. १० मीटरच्या डीईएमवर १०० असेल तर धरलाय आणि चौरस मीटरमध्ये आहे. १० असेल तर ते आधीच रुंदीने भागलेलं स्पेसिफिक कॅचमेंट एरिया आहे, त्याला D ने गुणून क्षेत्र करून घ्या. ग्रासच्या `r.watershed` मध्ये काही सेल निगेटिव्ह दिसतील, ते बिघडलेले नाहीत, तिथे तुमच्या नकाशाच्या बाहेरूनही पाणी येत असू शकतं असा त्याचा अर्थ, म्हणजे खरं क्षेत्र माहीतच नाही. ते सेल निव्वळ किंमत घेऊन वापरू नका, डीईएम पाणलोटाच्या हद्दीच्या बराच बाहेरपर्यंत घ्या आणि शेवटी कापा.

आता ओढे. इथे सूत्र चुकत नाहीये, आपण त्याला चुकीच्या जागी वापरतोय. १० मीटरच्या डीईएमवर १० चौरस किलोमीटर पाणलोट असलेल्या ओढ्याच्या सेलमध्ये एक लाख सेलचं पाणी येतं, म्हणजे रुंदीने भागलं तर दहा लाख मीटर "लांबीचा उतार". १२ टक्क्यांवर वरच्या सूत्रात एल ५०० च्या वर जातो. यूएसएलई ही पातळ थराची आणि बारीक ओघळांची धूप मोजते, ओढ्याच्या तळाची धूप तिच्या कक्षेतच नाही. उताराच्या लांबीची मूळ व्याख्या बघितली तर ती पाणी वाहायला लागतं तिथून सुरू होते आणि दोनपैकी जे आधी येईल तिथे संपते: एक तर उतार इतका कमी होतो की गाळ बसायला लागतो, किंवा पाणी ठळक प्रवाहात शिरतं. फ्लो अॅक्युम्युलेशनला या दोन्ही गोष्टी माहीत नाहीत, ते समुद्रापर्यंत बेरीज करत जाईल.

म्हणून मी दोन गोष्टी करतो आणि याच क्रमाने करतो. आधी प्रवाहाचे सेल काढून टाकायचे, शून्य करायचे नाहीत, NoData करायचे, कारण शून्य ठेवलं तर पाणलोटाची सरासरी खाली ओढली जाते. प्रवाह किती अॅक्युम्युलेशनपासून सुरू झाला म्हणायचं हे सॅटेलाइट इमेज खाली ठेवून ठरवा, ओघळी आणि नाल्यांची खरी टोकं जिथे दिसतात तिथली व्हॅल्यू पाच-सात ठिकाणी वाचा आणि त्यातून उंबरठा घ्या. तयार आकडा उचलू नका, कारण मातीनुसार आणि पावसानुसार नाला सुरू होण्याची जागा खूप बदलते.

मग उरलेल्या उतारांवर A ला वरची मर्यादा घालायची. साधारण १२२ मीटर, म्हणजे ४०० फूट, ही मर्यादा वापरतात कारण एवढ्या अंतरात पाणी बहुतेक वेळा कुठेतरी एकत्र होऊन प्रवाह धरतं. १० मीटरच्या सेलला ती १२२० चौरस मीटर होते, म्हणजे बारा सेल:

```python
stream = A >= threshold   # threshold म्हणजे तुमचा उंबरठा, चौरस मीटरमध्ये
A = np.minimum(A, 122 * D)
# इथे वरच्या सूत्राने L आणि LS काढा
LS[stream] = np.nan
```

यामुळे १२ टक्क्यांवर एल जास्तीत जास्त ४ पर्यंत जातो. पण मर्यादा घालून झाली की किती सेल तिला टेकले ते मोजा. थोडे असतील, आणि ते पाणी जिथे एकत्र येतं अशा खोलगट भागात असतील, तर ठीक. अर्धा डोंगर टेकला असेल तर तुमचा नकाशा डीईएमवरून बनलेलाच नाही, तो त्या १२२ वरून बनलाय, आणि मग प्रवाहाचा उंबरठा खूप मोठा ठेवलाय का ते परत बघायला हवं. मर्यादा आधी घालून ओढे तसेच ठेवले, हेही बऱ्याच जणांच्या कामात दिसतं, त्यात आकडे नीट दिसतात पण ओढ्याचा तळ शेतासारखा मोजला जातो.

उतार कमी झाल्यावर लांबी तोडायची हा भाग वरच्या ओळींत येत नाही. डोंगराचा पायथा रुंद आणि सपाट असेल तर ते महत्त्वाचं ठरतं, कारण वरचं सगळं पाणी खाली आलेलं दिसतं आणि पायथ्याला एल मोठा येतो, जिथे प्रत्यक्षात गाळ साचतोय. तिथे निदान नकाशावर तो पट्टा वेगळा दाखवा. तसंच शेताचे बांध, रस्ते, चर हे १० मीटरच्या डीईएममध्ये दिसत नाहीत पण पाणी अडवतात. त्यांच्या रेषा तुमच्याकडे असतील तर त्या सेलपासून अॅक्युम्युलेशन पुन्हा शून्यापासून सुरू करा, उपचार झालेल्या जमिनीवर याने पडणारा फरक बाकी सगळ्या बारकाव्यांपेक्षा मोठा असू शकतो.

खड्डे भरण्याबद्दल एक गोष्ट. फ्लोसाठी भरलेला डीईएम लागतो, पण स्लोप मूळ डीईएमवरून काढा. भरलेल्या डीईएमवर स्लोप काढला तर भरलेल्या जागा तव्यासारख्या सपाट होतात, तिथे वरच्या सूत्रात एलएस बरोबर ०.०३ येतो. हिस्टोग्राममध्ये ०.०३ वर एक उंच काठी उभी दिसली तर हेच झालंय असं समजा. खड्डे भरण्याऐवजी ब्रीचिंग, म्हणजे अडथळा कापून वाट करून देणं, मला जास्त पटतं, त्यात डीईएम कमी बदलतो.

तुमच्याकडे १० मीटरचा डीईएम आहे ते बरंच आहे. ३० मीटरवर पहिल्याच सेलचा एल १.१८ येतो, कारण सेलच प्रमाण प्लॉटपेक्षा लांब आहे, आणि दुसरीकडे छोटे उतार गुळगुळीत होऊन एस खाली येतो. या दोन चुका उलट दिशेच्या आहेत पण एकमेकींना खातात असं धरू नका, माथ्यावर एक जिंकते आणि दरीच्या बाजूला दुसरी. ३० मीटरचा डीईएम १० मीटरला रीसॅम्पल करूनही काही मिळत नाही, नवीन उतार त्यात जन्माला येत नाहीत. आणि एसआरटीएमसारख्या डीईएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये असते, त्यामुळे सपाट भागात स्लोप पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो आणि एलएसमध्ये समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात, ते जमिनीवर नसतात.

शेवटी एस, तेही तुमच्याकडे उभे डोंगर असतील तरच. यूएसएलईच्या मूळ समीकरणामागचे प्लॉट ३ ते १८ टक्के उताराचे होते. त्यापुढे सगळा अंदाज आहे, आणि अंदाज किती फाटतात बघा: ५० टक्के उताराला मॅककूल यांचं समीकरण ७.० देतं, विशमायर आणि स्मिथ यांचं १९७८ चं वर्गाचं समीकरण १५.२ देतं, दुपटीहून जास्त. लिऊ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये चीनच्या लोएस पठारावर ५५ टक्क्यांपर्यंतच्या प्लॉटवरून `S = 21.91 * sin - 0.96` काढलं, ते तिथे ८.८ देतं. तुमच्या पाणलोटाचा मोठा भाग १८ टक्क्यांच्या वर असेल तर मी मॅककूल आणि लिऊ दोन्ही चालवून दोन्ही निकाल देईन, आणि कड्यांचे सेल, जिथे मातीच नाही, ते हिशोबातून आधीच काढेन. जुनं वर्गाचं समीकरण तिथे वापरू नका.